‘याक शेविंग चालू आहे’ असं कुणी लिहिलं, तर आपण काय करायचं?

*मी नुकतीच डेव्हलपर म्हणून एका टीममध्ये रुजू झालेय. टीमच्या चॅटमध्ये बॉयलरप्लेट, याक शेविंग, बाइकशेडिंग हे शब्द सतत येतात. अर्थ शोधून वहीत उतरवले, तरी बोलणं कुठे चाललंय ते कळत नाही. पहिलं काम देताना सीनियर म्हणाले, ‘ऑर्डर्सचं मॉड्यूल कॉपी करून इन्व्हॉइसचं बनव, बहुतेक बॉयलरप्लेटच आहे.’ मी तसं केलं. तो कोड तपासायला पीआर, म्हणजे पुल रिक्वेस्ट, टाकल्यावर एका फंक्शनच्या नावावरून लांबलचक चर्चा झाली. मी माझी बाजू मांडली, तर एकाने लिहिलं, ‘लेट्स नॉट बाइकशेड धिस.’ तेव्हापासून मी गप्प आहे. तो टोमणा होता का? आणि प्रत्येक शब्द विचारत बसले तर मी अगदीच कच्ची वाटेन ना? की मीही हेच शब्द वापरायला लागू?*

*— एक नवी डेव्हलपर*

तुमच्या वहीतले अर्थ बहुधा बरोबरच असतील. अडचण अशी की चॅटमध्ये हे शब्द अर्थ सांगायला कुणी वापरत नाही. तिथे त्यांच्या आडून टीमच्या वेळेबद्दल काहीतरी ठरवलं जात असतं. ‘हे बॉयलरप्लेट आहे’ म्हणणारा सांगत असतो की इथे डोकं लावू नका. ‘याक शेविंग चालू आहे’ म्हणणारा सांगतो की माझं काम लांबलंय आणि त्याचं कारण कामाच्या बाहेर आहे. ‘बाइकशेडिंग नको’ म्हणणाऱ्याला चर्चा थांबवायची असते. म्हणून शब्द दिसला की त्याचा अर्थ आठवण्याआधी एवढंच बघा: हे कोण, कुणाच्या कामाबद्दल बोलतंय आणि आता माझ्याकडून काय हवं आहे? शिवाय हे तिन्ही दावे आहेत. दावा चुकीचाही असू शकतो, आणि नव्या माणसाला तो तपासता येतो.

तुमचा कोड मला दिसत नाही, म्हणून तुमच्यासारखंच एक काम समोर धरू. ऑर्डर्सचा मासिक अहवाल आधीपासून आहे, तसाच इन्व्हॉइसचा करायचा आहे.

आधी बॉयलरप्लेट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत छोट्या वर्तमानपत्रांना मजकूर धातूच्या तयार पट्ट्यांवर ओतून पाठवला जायचा. त्यात फेरफार करता येत नसे, जसाच्या तसा छापायचा. त्या पट्ट्यांना हे नाव पडलं आणि पुढे वकिलांच्या करारांतल्या ठरीव कलमांकडून ते आपल्याकडे आलं. आपल्या क्षेत्रात मात्र एक फरक पडतो. तुम्ही मॉड्यूल कॉपी करता तेव्हा त्यातली प्रत्येक ओळ बदलता येते, आणि त्यातल्या काही बदलाव्याच लागतात. ‘बहुतेक बॉयलरप्लेटच आहे’ या वाक्यातला ‘बहुतेक’ हा शब्द वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमका निसटतो.

कॉपी केलेल्या मॉड्यूलची पहिली ओळ अशी असू शकते:

```js
const log = getLogger("orders");
```

ही तशीच राहिली तरी प्रोग्राम चालतो, टेस्ट पास होतात, रिव्ह्यूमध्येही कुणाला खटकत नाही. कळतं ते नंतर. इन्व्हॉइसमध्ये चूक होते, लॉगमध्ये ती ऑर्डर्सच्या नावाने येते आणि कुणीतरी अर्धा दिवस भलत्याच मॉड्यूलमध्ये शोधत बसतं. अशी चूक सापडायला सोपी आहे. कॉपी करून झाल्यावर जुन्या नावाचा शोध घ्यायचा आणि दोन्ही फोल्डर समोरासमोर ठेवायचे:

```
grep -rni "order" src/invoices
git diff --no-index src/orders src/invoices
```

पहिल्या कमांडमध्ये `ORDER BY` असलेल्या एसक्यूएलच्या ओळीही येतील, त्या सोडून द्या. उरलेली प्रत्येक ओळ म्हणजे एकतर विसरलेली जागा किंवा ऑर्डर्सवर मुद्दाम ठेवलेलं अवलंबित्व. दुसरी कमांड जास्त शिकवते. तिच्यात जे फरक दिसतात ते तुम्ही केलेलं खरं काम. जे दिसत नाही, म्हणजे दोन्हीकडे सारखं आहे, तेच सीनियरांच्या भाषेतलं बॉयलरप्लेट. तुम्हाला शोधायचा आहे तो तिसरा प्रकार: दोन्हीकडे सारखं आहे, पण सारखं असायला नको होतं.

तो प्रकार नावांच्या शोधात सापडत नाही. समजा, ऑर्डर्सच्या अहवालात महिन्याची अट `order_date` या कॉलमवर होती. तुम्ही इन्व्हॉइससाठी कॉलमचं नाव बदललं, बाकी तसंच ठेवलं:

```sql
WHERE issued_at >= '2024-03-01'
  AND issued_at <= '2024-03-31'
```

आता `order_date` हा नुसत्या तारखेचा कॉलम होता, म्हणून तिथे `<=` बरोबर होतं. ३१ मार्चच्या सगळ्या ऑर्डर्स त्यात येत होत्या. `issued_at` हा मात्र तारीख आणि वेळ दोन्ही ठेवणारा टाइमस्टॅम्प आहे. त्याच्याशी तुलना करताना डेटाबेस `'2024-03-31'` म्हणजे ३१ तारखेची मध्यरात्र, शून्य वाजून शून्य मिनिटं, असं धरतो. त्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी निघालेली सगळी बिलं अहवालातून गळतात. बरोबर अट अशी:

```sql
WHERE issued_at >= '2024-03-01'
  AND issued_at <  '2024-04-01'
```

ऑर्डर्सच्या मॉड्यूलमध्ये ती ओळ खरोखरच बॉयलरप्लेट होती, इन्व्हॉइसमध्ये ती नाही. सीनियर चुकीचं बोलले असं नाही. त्यांच्या डोक्यात ऑर्डर्सचा कोड होता आणि कॉलमचा प्रकार बदलणार आहे हे त्या क्षणी त्यांच्यासमोर नसावं. म्हणून इथे विचारायचा प्रश्न ‘बॉयलरप्लेट म्हणजे काय?’ हा नाही. ‘यातल्या कुठल्या ओळी इन्व्हॉइससाठी वेगळ्या असायला हव्यात?’ असं विचारा. या प्रश्नाने कुणी कच्चं ठरत नाही. उलट, चांगल्या सीनियरला इथे क्षणभर थांबून विचार करावा लागतो.

हाच शब्द दुसऱ्याच्या पीआरखाली दिसला तर अपेक्षा निराळी असते. ‘पहिल्या तीन फाइल्स बॉयलरप्लेट आहेत, चौथी बघ’ असं लेखकाने लिहिलं असेल तर ती रिव्ह्यू करणाऱ्याची सोय आहे. चौथी फाइल नीट वाचा. पण पहिल्या तीन फाइल्सचाही डिफ वरवर पाहून घ्या, कारण कोड एखाद्या टूलने तयार केलेला आहे की हाताने कॉपी केलेला, यावर धोका ठरतो. टूलने तयार केलेल्या फाइलच्या वरच्या भागात बहुधा तशी टीप असते आणि ती हाताने बदलायची नसते. हाताने कॉपी केलेल्या फाइलमध्येच वरच्यासारख्या चुका लपतात.

याक शेविंगचा अर्थ अनेक जण ‘वेळ वाया घालवणं’ असा लिहून ठेवतात. तुमच्याही वहीत तसाच असेल तर खोडा. हा शब्द १९९०च्या दशकात एमआयटीच्या प्रयोगशाळेतून पसरला, आणि त्यात पहिल्यापासून एक खोच आहे: काम बाहेरून बिनकामाचं दिसतं, पण ते केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक काम अडतं म्हणून दुसरं, ते अडतं म्हणून तिसरं. शेवटी माणूस जे करत असतो त्याचा मूळ कामाशी काय संबंध, हे पाहणाऱ्याला कळत नाही. करणाऱ्याला मात्र प्रत्येक पायरीचं कारण पटलेलं असतं. म्हणून ते स्वतःचं स्वतःला ओळखणं अवघड जातं.

आपल्याच उदाहरणात बघा. तारखेची अट दुरुस्त करायला एक ओळ पुरते. ती तपासायला ३१ मार्चच्या दुपारचं एक बिल घालून टेस्ट लिहायची आहे. टेस्टला डेटाबेस लागतो. डेटाबेस उभा करणारी स्क्रिप्ट तुमच्या नोडच्या आवृत्तीवर चालत नाही, म्हणून तुम्ही नवी आवृत्ती घेता. मग `npm install` करता. नव्या एनपीएममुळे `package-lock.json` ही पॅकेजेसच्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल नव्या ढंगात लिहिली जाते आणि हजारो ओळींचा फरक दिसू लागतो. विशेषतः सातव्या आवृत्तीपासून एनपीएमने त्या फाइलची रचनाच बदलली, म्हणून त्याआधीची लॉक फाइल असेल तर हे हमखास होतं. आता तुम्ही ‘ही फाइल इतकी का बदलली’ याचा शोध घेत आहात. तारखेची अट केव्हाच मागे पडली.

यातली एकही पायरी मूर्खपणाची नाही. चूक असलीच तर दोन ठिकाणी होते: साखळी लांबली तरी कुणाला न सांगणं, आणि वाटेत झालेले बदल मूळ कामाच्या पीआरमध्ये मिसळून टाकणं.

सांगण्यासाठी माझा साधा ठोकताळा असा. मूळ कामापासून तिसऱ्या पायरीवर पोचलात, किंवा मूळ फाइलला हात न लावता अर्धा तास गेला, की चॅटमध्ये लिहायचं. नुसतं ‘याक शेविंग करतेय’ लिहू नका. त्यातून फक्त उशीर कळतो, मदत कुठे करायची ते कळत नाही. साखळी उलगडून लिहा:

‘इन्व्हॉइसच्या तारखेची दुरुस्ती झाली आहे, टेस्ट राहिली आहे. टेस्टसाठी डेटाबेस हवा, त्याची स्क्रिप्ट माझ्या नोडवर चालत नाही. नोड बदलला तर लॉक फाइल पूर्ण बदलते. टेस्ट लिहून टीमच्या टेस्ट सर्व्हरवरच चालवून बघू का, की आधी स्क्रिप्ट दुरुस्त करू?’

एवढ्यात वाचणाऱ्याला चारही पायऱ्या दिसतात. बहुतेक वेळा उत्तर दोन मिनिटांत येतं, कारण त्यांपैकी एका पायरीला वळसा घालायची वाट कुणाला तरी माहीत असते. उदाहरणार्थ, ठरलेल्या आवृत्त्याच बसवायच्या असतील तर `npm install`ऐवजी `npm ci` चालवायचं. ते लॉक फाइल वाचतं, बदलत नाही, आणि फाइल जुळत नसेल तर सरळ चूक दाखवून थांबतं. लॉक फाइल नकळत बदलली असेल आणि अजून `git add` केलेली नसेल, तर ती पूर्ववत करणं सोपं आहे:

```
git restore package-lock.json
```

कधीकधी वाटेतलं काम खरंच उपयोगाचं असतं. ती स्क्रिप्ट प्रत्येक नव्या माणसाला अडवत असेल, तर ती दुरुस्त करणं हे टीमचं काम आहे, फक्त ते या पीआरमधलं काम नाही. तेव्हा बदल वेगळे करा. `git add -p` ही कमांड प्रत्येक बदल तुकड्यातुकड्याने दाखवून ‘हा घेऊ का?’ असं विचारते. फक्त अट आणि टेस्टचे तुकडे घ्या, बाकी नाही म्हणा:

```
git add -p
git commit -m "Include invoices from the last day"
git stash -u
```

एक अडचण लक्षात ठेवा: `git add -p` नव्याने तयार केलेल्या फाइल्स दाखवत नाही. टेस्टची फाइल नवी असेल तर ती आधी वेगळी `git add` करा, नाहीतर ती शेवटच्या ओळीबरोबर बाजूला जाईल आणि कमिटमध्ये येणारच नाही. बाजूला ठेवलेलं सामान नंतर मुख्य ब्रांचवरून नवी ब्रांच काढून तिथे उघडायचं:

```
git switch -c fix-db-script main
git stash pop
```

आता पीआर दोन झाले. पहिला काही ओळींचा, तो त्याच दिवशी वाचला जाईल. दुसरा मोठा, तो टीम सवडीने बघेल. एकत्र असते तर लॉक फाइलच्या हजारो ओळींखाली तारखेची ती एक ओळ कुणी वाचलीच नसती.

सहकाऱ्याने ‘याक शेविंग चालू आहे’ लिहिलं तर ते बहुधा स्वतःबद्दल आणि थोडं हसून असतं. त्याचं काम तुमच्या कामाच्या आड येत नसेल तर काही करायची गरज नाही. येत असेल तर सरळ विचारा, ‘आता नेमकं कशावर अडलंय?’ हाच शब्द मॅनेजरने तुमच्या कामाबद्दल वापरला तर मात्र तो प्रश्न आहे: हे आत्ताच करायला हवं का? तेव्हा सगळ्या पायऱ्यांचं समर्थन करू नका. साखळीतली कुठली पायरी पुढे ढकलता येईल ते सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली एका काल्पनिक समितीची बैठक रंगवली. अणुभट्टीचा प्रचंड खर्च काही मिनिटांत मंजूर होतो, कारण तो विषय बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा असतो. मग सायकली ठेवायच्या शेडवर सगळे तुटून पडतात, कारण शेड काय असते हे प्रत्येकाला माहीत असतं. प्रोग्रामरांमध्ये हा दाखला रूढ झाला तो १९९९ साली. `sleep` या कमांडला सेकंदाचा अपूर्णांक देता यावा, एवढ्याशा बदलावरून फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींत लांबलचक वाद झाला. तेव्हा त्यांच्यातलेच एक डेव्हलपर पॉल-हेनिंग कॅम्प यांनी ईमेल लिहून त्यांना पार्किन्सन यांच्या शेडची आठवण करून दिली. त्यांचं म्हणणं असं होतं की सोप्या गोष्टीवर आपला ठसा उमटवायचा मोह प्रत्येकाला होतो. अवघड गोष्टीबद्दल मात्र जो तो समजतो की दुसऱ्या कुणीतरी नीट तपासलं असेल.

या शेवटच्या वाक्यासाठीच तो दाखला माहीत असायला हवा. तुमच्या पीआरवर `getInvoices` की `fetchInvoices` यावर डझनभर प्रतिक्रिया येतात आणि तारखेच्या अटीवर एकही येत नाही, तेव्हा नावाची चर्चा हा निम्माच तोटा असतो. उरलेला निम्मा तोटा दिसत नाही: सगळ्यांना वाटतं की पीआर कसून तपासला गेलाय. एवढी चर्चा झालीय म्हणजे झालाच असणार! मग कुणीतरी `LGTM`, म्हणजे ‘मला ठीक वाटतं’, असं लिहितं आणि कोड मर्ज होतो. महिनाअखेरची बिलं मात्र अहवालात नाहीत ती नाहीतच.

यावरून बाइकशेडिंग आणि याक शेविंग यांतला फरकही कळेल. याक शेविंगमध्ये एक माणूस खोल उतरत जातो आणि प्रत्येक पायरी लागत असते. बाइकशेडिंगमध्ये अनेक माणसं एकाच उथळ जागी गर्दी करतात आणि त्यातलं काहीच अडलेलं नसतं. चॅट भराभर वाचताना या दोन्हींत गल्लत होऊ शकते, पण पहिल्यात मदत हवी असते, दुसऱ्यात निर्णय.

तो टोमणा होता का? तुम्ही वर्णन केलं तसं असेल तर तसं वाटत नाही. ‘लेट्स नॉट बाइकशेड धिस’मध्ये ‘लेट्स’ आहे. ते चर्चेत पडलेल्या सगळ्यांना उद्देशून आहे, आणि चर्चा तुम्ही सुरू केलेली नव्हती. तुमच्या उत्तरानंतर ते आलं, कारण तोवर धागा लांबला होता. पण असं वाक्य वापरणाऱ्यांनाही माझं एक सांगणं आहे. निर्णय न देता नुसता हा शब्द टाकला तर तो तोंड बंद करण्यासारखा लागतो, आणि नव्या माणसाला सर्वांत जास्त. ‘नाव `getInvoices` ठेवू, बाकीच्या मॉड्यूलमध्ये तसंच आहे’ एवढं लिहिलं असतं तर शब्दाची गरजच पडली नसती.

आणि तो दावा खरा आहे का, हेही बघायला हवं. नावावरची चर्चा दरवेळी बाइकशेडिंग नसते. मी पारखतो ते एका प्रश्नावर: हे नाव महिन्याभराने बदलायचं ठरलं तर किती ठिकाणी हात लावावा लागेल? मॉड्यूलच्या आतल्या फंक्शनचं नाव एडिटरच्या रीनेमने काही सेकंदांत बदलतं. त्यावर दोनपेक्षा जास्त प्रतिक्रिया जास्तच. पण तेच नाव दुसऱ्या टीम वापरत असलेल्या एपीआयमध्ये असेल, यूआरएलमध्ये असेल किंवा डेटाबेसच्या कॉलमचं असेल, तर बदलायला इतरांचा कोड, जुना डेटा, मायग्रेशन सगळं आलं. तिथे अर्धा तास वाद घालणं स्वस्तच पडतं. तुमचं फंक्शन पहिल्या प्रकारातलं असेल तर तो सहकारी बरोबर आहे. दुसऱ्या प्रकारातलं असेल तर ‘हे नाव बाहेरच्या टीमही वापरणार आहेत, म्हणून आत्ताच ठरवू’ असं शांतपणे लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मोकळ्या जागा, अवतरणचिन्हं, ओळींची लांबी यांवरचे वाद याहून सोपे. ते माणसांकडे राहूच देऊ नयेत. प्रेटियरसारखा फॉरमॅटर लावला की विषय संपतो. तुमच्या टीममध्ये तो नसेल आणि असे वाद दर आठवड्याला होत असतील तर तो लावायचं वेगळं टिकेट तुम्हीच टाका.

गप्प राहणं सुरक्षित वाटतं खरं, पण त्याने पीआर लटकतो: नाव ठरलेलं नाही, रिव्ह्यू झाल्यासारखा दिसतो पण झालेला नाही, आणि लेखक म्हणून चेंडू तुमच्याच कोर्टात आहे. रिव्ह्यू करणाऱ्यांची किरकोळ बाबतीत एकवाक्यता नसेल तेव्हा निवड लेखकाने करायची, हा बहुतेक टीममधला रिवाज आहे. ज्या प्रतिक्रियेच्या सुरुवातीला `nit:` असतं ती तर लिहिणाऱ्यानेच किरकोळ ठरवलेली असते. पटली तर घ्या, नाहीतर ‘असंच ठेवते’ लिहून मिटवा. तिच्यावर मर्ज अडत नाही.

म्हणून आज त्या धाग्याखाली साधारण असं लिहा: ‘नाव `getInvoices` ठेवलंय, इतर मॉड्यूलशी जुळतं. मला खरी शंका तारखेच्या अटीबद्दल आहे. हा कॉलम टाइमस्टॅम्प आहे, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या दिवशीची बिलं सुटत नाहीत ना, हे कुणी बघेल का?’ अर्थात आधी कॉलमचा प्रकार तुम्ही स्वतः तपासा. तुमच्याकडे ती अट बरोबर असेल तर जो भाग कॉपी करताना सर्वांत अवघड गेला तो तिथे घाला. कुणा एकाला नाव घेऊन टॅग करा. सगळ्यांना विचारलेला अवघड प्रश्न कुणाचाच नसतो, हे कॅम्प यांच्या ईमेलमधूनही दिसतंच.

शब्द विचारण्याबद्दल: अर्थ शोधायला माणूस लागत नाही. `yak shaving` किंवा `bikeshedding` असं टाकलं की सापडतो. माणसाला विचारायचं ते त्या प्रसंगाबद्दल: ‘म्हणजे हे काम मी इथे थांबवू का?’, ‘म्हणजे ही फाइल वाचायची गरज नाही ना?’ असा प्रश्न वाचून तुम्हाला शब्द माहीत होता की नाही हे कुणाला कळतही नाही. तुम्ही अंदाज चुकीचा बांधला असेल तर उत्तरातच तो सुधारतो.

तुम्ही हे शब्द वापरावेत का? स्वतःबद्दल खुशाल वापरा: ‘माझं याक शेविंग झालं’ आणि पुढे साखळी. ‘बॉयलरप्लेट’ वापराल तेव्हा कुठल्या ओळी ते नेमकं लिहा, आणि त्या ओळी तुम्ही डिफ घेऊन पाहिल्या असतील तरच. ‘बाइकशेडिंग’ मात्र तूर्त दुसऱ्याच्या चर्चेवर चिकटवू नका. चर्चा थांबवायची असेल तर एक पर्याय निवडा, त्याचं एका ओळीत कारण द्या आणि ज्यांचं वेगळं म्हणणं असेल त्यांना उद्या दुपारपर्यंतची वेळ द्या. कुणी काही लिहिलं नाही तर तेच नाव ठेवून मर्ज करा.